एक बीज, अनेक रूपे : ‘प्रतिसादरेषा’ या संकल्पनेचा पाठ

जीवशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांतील विज्ञानलेखांत एक वाक्यरचना वारंवार भेटते : ‘अमुक गुणासाठी अमुक जनुक असते.’ उंचीचे जनुक, लठ्ठपणाचे जनुक, बुद्धीचे जनुक. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्यातून एक महत्त्वाचा भाग गळलेला असतो. हे जनुक कोणत्या परिस्थितीत तो गुण दाखवते, हे त्यात सांगितलेले नसते. हा भाग गाळला की विज्ञान कसे चुकते, ते एका जुन्या आणि अतिशय स्वच्छ प्रयोगाच्या आधारे येथे मांडतो.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. सजीवाला आईबापांकडून मिळालेला जनुकांचा संपूर्ण संच म्हणजे त्याचे जनुकरूप. प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारे किंवा मोजता येणारे स्वरूप, म्हणजे उंची, रंग, वजन, वागणूक, हे त्याचे दृश्यरूप. हा भेद डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी 1909 मध्ये शास्त्रीय भाषेत रुजवला. त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड वोल्टेरेक यांनी तिसरा शब्द दिला. ते गोड्या पाण्यातील डॅफ्निया या अगदी बारीक जीवावर काम करीत होते. हा जीव पुष्कळदा नराविना पिल्ले देतो, त्यामुळे एका मादीचा सारा वंश जवळजवळ एकाच जनुकरूपाचा असतो. वोल्टेरेक यांनी निरनिराळ्या तळ्यांतील वंश वेगवेगळ्या प्रमाणात अन्न देऊन वाढवले आणि डोक्याची उंची मोजली. प्रत्येक वंशासाठी एक वक्ररेषा निघाली. काही अन्नमात्रांना हे वंश जवळजवळ सारखे दिसत, तर काहींना त्यांच्यातील फरक ठळक होई. या साऱ्या प्रतिसादांच्या समूहाला त्यांनी जर्मनमध्ये ‘रिअ‍ॅक्शन्सनॉर्म’ म्हटले.

मराठीत त्यासाठी मी ‘प्रतिसादरेषा’ हा शब्द वापरतो. आलेखाच्या आडव्या अक्षावर परिस्थिती मांडायची, उभ्या अक्षावर दृश्यरूप मांडायचे, आणि एका जनुकरूपाने प्रत्येक परिस्थितीत काय रूप घेतले ते बिंदू जोडायचे. जी रेषा मिळेल ती त्या जनुकरूपाची प्रतिसादरेषा. वोल्टेरेक यांना वाटले होते की, आपल्या रेषांमुळे योहान्सन यांची जनुकरूपाची कल्पना डळमळीत होते. योहान्सन यांचे उत्तर नेमके उलटे होते : ही रेषा म्हणजे जवळजवळ जनुकरूपच. वारशाने उंची मिळत नाही, परिस्थितीला प्रतिसाद देण्याची रीत मिळते. पुढील सारा विचार या एका मुद्द्यावर उभा आहे.

कॅलिफोर्नियातील तीन बागा

अमेरिकेतील कार्नेगी संस्थेसाठी येन्स क्लाउसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या तिघांनी कॅलिफोर्नियात तीन प्रयोगबागा राखल्या होत्या. पहिली स्टॅनफर्ड येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 30 मीटर उंचीवर, जिथे हिवाळा सौम्य असतो. दुसरी सिएरा नेवाडा पर्वताच्या उतारावर मॅथर येथे, सुमारे 1400 मीटरवर. तिसरी ‘टिंबरलाइन’ नावाची, सुमारे 3050 मीटरवर, जिथे वर्षाचा मोठा भाग बर्फाखाली जातो आणि झाडाला वाढायला थोडाच काळ मिळतो.

अ‍ॅकिलिया ही शेवंतीच्या कुळातील, पांढऱ्या फुलांच्या झुपक्यांची एक वनस्पती. तिचे एक झाड मुळासकट विभागून त्याची अनेक झाडे करता येतात, जशी आपण परसातल्या शेवंतीची करतो. या संशोधकांनी एकेका झाडाचे तीन भाग केले आणि एकेक भाग प्रत्येक बागेत लावला. तिन्ही रोपांचे जनुकरूप एकच असल्याने त्यांच्यात जो फरक पडेल तो परिस्थितीने घडवलेला. आणि एकाच बागेत शेजारी वाढणाऱ्या, वेगवेगळ्या मूळ झाडांच्या रोपांत जो फरक दिसेल, त्यामागे मुख्यतः जनुकरूप. अ‍ॅकिलियावरचे हे काम 1948 मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यातील सात झाडांचे चित्र आनुवंशशास्त्राच्या पुस्तकांतून आजही छापले जाते. ते पाहताना वाचकाची एक अपेक्षा असते : उंचावर थंडी वाढली की सारी झाडे खुजी होतील, पण त्यांचा क्रम तोच राहील. पहिले ते पहिलेच, शेवटचे ते शेवटचेच. प्रत्यक्षात क्रम टिकला नाही. सखल बागेत सर्वांत उत्तम वाढलेले झाड सर्वांत उंचावरील बागेतही आघाडीवर होते, पण मधल्या बागेत तेच सर्वांत मागे पडले. सखल बागेतील क्रम पाहून मधल्या बागेतला क्रम सांगता आला नसता. सातांपैकी ‘उत्तम जनुकरूप’ कोणते, या प्रश्नाला बागेचे नाव घेतल्याशिवाय उत्तरच नाही.

आकडे मांडून पाहू

हा मुद्दा नीट उतरावा म्हणून मी वर्गात एक काल्पनिक उदाहरण फळ्यावर मांडतो. क आणि ख ही दोन जनुकरूपे घ्या. सखल बागेत क 60 सेंटीमीटर वाढले, ख 40. मधल्या बागेत क 30 वाढले, ख 50. दोन रेषा काढल्या की त्या एकमेकींना छेदतात.

ज्याने फक्त सखल बाग पाहिली तो म्हणेल, ‘क हे खपेक्षा 20 सेंटीमीटरने सरस आहे, आणि हा सारा फरक जनुकांचा आहे.’ ज्याने फक्त मधली बाग पाहिली तो तितक्याच खात्रीने खला सरस म्हणेल. ज्याने केवळ कची दोन रोपे पाहिली तो म्हणेल, ‘जनुके तर सारखीच होती, सारे परिस्थितीने केले.’ तिघांचीही मोजणी बरोबर आहे. चौथा अभ्यासक सरासरी काढतो : कची सरासरी 45, खचीही 45. तो निष्कर्ष काढतो की, जनुकरूपाने काही फरक पडत नाही. वास्तविक दोन्ही बागांत जनुकरूपाने 20 सेंटीमीटरचा फरक पाडला होता, फक्त त्याची दिशा उलटली होती.

संख्याशास्त्राच्या रीतीने, सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून या चार रोपांतील एकूण फरक विभागला, तर जनुकरूपाच्या वाट्याला शून्य येते, बागेच्या वाट्याला पाचवा हिस्सा, आणि उरलेले चार हिस्से दोघांच्या आंतरक्रियेला. ‘आंतरक्रिया’ या शब्दाचा येथील अर्थ काटेकोर आहे. जनुके आणि परिस्थिती दोन्ही महत्त्वाची, एवढे म्हणणे म्हणजे आंतरक्रिया नव्हे. जनुकरूप बदलल्याने पडणारा फरक परिस्थितीगणिक वेगळा असणे, ही आंतरक्रिया. आलेखावर ती समांतर नसलेल्या रेषांच्या रूपाने दिसते. क 60 आणि 50, ख 40 आणि 30 असे आकडे असते, तर रेषा समांतर राहिल्या असत्या आणि ‘क नेहमी 20 ने उंच’ हे वाक्य खरे ठरले असते. मात्र ते त्या दोन बागांपुरतेच. ज्या परिस्थितीत मोजले नाही तिथे रेषा कुठे वळेल, हे आलेख सांगत नाही.

म्हणूनच ‘हा गुण किती टक्के आनुवंशिक?’ या प्रश्नाचे उत्तर एका ठराविक समूहाबद्दल, ठराविक परिस्थितीत मिळालेले असते. बाग बदलली की टक्का बदलतो. एका व्यक्तीची उंची मात्र टक्क्यांत वाटता येतच नाही.

कुठे फसगत होते

असा प्रयोग करताना काही सापळे असतात. विभागलेल्या तुकड्यांपैकी एखादा मुळातच मोठा असेल, तर त्याची आघाडी बागेमुळे वाटू शकते. म्हणून तुकडे आधी काही काळ एकाच ठिकाणी वाढवून सारखे करून घेणे चांगले. शिवाय एकच जनुकरूप, एकच बाग, तरीही दोन रोपे हुबेहूब सारखी निघत नाहीत, कारण वाढीच्या ओघात योगायोगाने बारीक फरक पडतातच. त्यामुळे प्रत्येक बागेत एका जनुकरूपाची अनेक रोपे हवीत, आणि तीही वाफ्यात सोडतीने विखुरलेली. रेषा छेदताना दिसल्या, पण तो फरक एकाच जनुकरूपाच्या रोपांतील आपसातल्या फरकाहून मोठा नसेल, तर त्या छेदावर विश्वास ठेवू नये. आणखी एक सावधगिरी : उंचीबरोबर तापमान, माती, बर्फ, ऋतूची लांबी असे सारेच बदलते. या बागांवरून ‘उंचीचा परिणाम’ म्हणता येतो, ‘थंडीचा परिणाम’ म्हणता येत नाही.

माणसाच्या बाबतीत

माणसाचे तुकडे करून तीन गावी लावता येत नाहीत, त्यामुळे माणसाच्या प्रतिसादरेषेचे बहुधा एखाद-दोन बिंदूच आपल्या हाती असतात. एका ठिकाणी मात्र दुसरा बिंदू मिळाला, आणि त्याने हजारो आयुष्ये बदलली. फिनाइलकीटोनूरिया या जन्मजात विकारात, फिनाइलअ‍ॅलॅनिन हा प्रथिनांतील घटक शरीराला नीट पचवता येत नाही. नेहमीच्या आहारावर अशा बाळाच्या मेंदूला गंभीर इजा होते. त्याच एका आहारावर पाहिले असते, तर हे ‘मतिमंदतेचे जनुक’ ठरले असते. परंतु जन्मानंतर लवकर निदान करून तो घटक अगदी मोजून देणारा आहार सुरू केला आणि सांभाळला, तर मूल सर्वसामान्य बुद्धीने वाढते. सदोष जनुक तेच राहते. ‘जन्मजात’ म्हणजे ‘अटळ’ नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

याचा अर्थ परिस्थितीने काहीही घडवता येते असाही नाही. सखल किनाऱ्यावरच्या अ‍ॅकिलियाला टिंबरलाइनच्या बर्फात तग धरणे जमत नाही. रेषेला तिचा स्वतःचा आकार असतो, आणि तो आकार वारशातून येतो.

लिहिताना आणि शिकवताना

आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. मालदांडी ज्वारीचे वाण उत्तम का, असे विचारले तर तो आधी रब्बी म्हणेल, मग काळी जमीन म्हणेल. हंगाम आणि जमीन न सांगता वाणाची स्तुती करणे त्याला अपुरे वाटते. उलट आपल्या म्हणी एकेक टोक धरतात. ‘खाण तशी माती’ म्हणणारा रेषा विसरतो, आणि ‘शितावरून भाताची परीक्षा’ करणारा एका बिंदूवरून पूर्ण रेषा ओढतो.

लेखकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे इतकेच : ‘अमुक गुणाचे जनुक’ असे लिहून झाले की वाक्यात परिस्थिती घालून ते पुन्हा वाचावे. ‘सौम्य हिवाळ्याच्या सखल बागेत हे जनुकरूप इतरांपेक्षा उंच वाढते’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे. आणि वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल ‘याच्यात मुळातच नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण त्याला किती बागांत पाहिले आहे, हे स्वतःला विचारावे. बहुतेक वेळा उत्तर ‘एका’ असेच येते.