विक्री झाली, पण पैसे कुठे थांबले?

प्रश्न: खराडीत घरूनच दिवाळीचा फराळ विकते. यंदा संकेतस्थळही सुरू केले. शेजारच्या सोसायटीतली गिऱ्हाइके फोनवरून पैसे पाठवतात ते क्षणात खात्यात येतात. पण अमेरिकेतल्या मुलांनी इथल्या आईवडिलांसाठी कार्डाने भरलेले पैसे आठवडाभर येत नाहीत, आणि आले तरी दहा टक्के कापून येतात. कंपनी म्हणते, ते 'रोलिंग रिझर्व्ह' आहे, १८० दिवसांनी मिळेल. माझे पैसे कंपनी वापरते आहे का?

उत्तर: तुमच्याकडे पैसे येण्याच्या वाटा दोन आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. शेजारीण यूपीआयने पैसे पाठवते तेव्हा ते तिच्या बँकेतून थेट तुमच्या बँकेत येतात. संकेतस्थळावरचे पैसे मात्र आधी पेमेंट अॅग्रीगेटर म्हणवणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या कंपनीने असे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे असतात. त्यातून तिने स्वतःचे पगार किंवा जाहिरातखर्च भागवायचे नाहीत. म्हणजे ते तुमच्यासाठीच राखलेले असतात, फक्त अजून तुमच्या हाती नसतात.

आता उशिराचे पाहू. सेटलमेंट 'टी अधिक दोन' असेल तर व्यवहाराचा दिवस मोजायचा नाही. पुढचे दोन कामकाजाचे दिवस मोजायचे. शनिवार-रविवार धरत नसतील तर शुक्रवारची विक्री मंगळवारी जमा होते, आणि मध्ये लक्ष्मीपूजनाची सुट्टी आली तर आणखी लांबते. परदेशी कार्डांसाठी ही मुदत बहुधा जास्त असते. तुमचा आठवडा तिथे जातो.

दहा टक्क्यांचे कारण वेगळे आहे. कार्डधारक 'माल मिळालाच नाही' किंवा 'हा व्यवहार मी केलेलाच नाही' अशी तक्रार आपल्या बँकेकडे करू शकतो. त्याला चार्जबॅक म्हणतात. कार्डांच्या नियमांत त्यासाठी बऱ्याच प्रकारांत सुमारे १२० दिवसांची मुदत असते. तक्रार टिकली आणि तोपर्यंत विक्रेता गायब झालेला असला, तर भरपाई मध्यस्थ कंपनीला करावी लागते. जुन्या दुकानाचा इतिहास तिला ठाऊक असतो, तुमचा नाही. म्हणून मुदत उलटून थोडे दिवस जाईपर्यंत ती हिस्सा अडवते. हा दंड नाही, शुल्कही नाही; तक्रारी आल्या नाहीत तर तो परत मिळतो, मात्र त्यावर सहसा व्याज मिळत नाही.

खरा चटका इथे आहे: रिझर्व्ह नफ्यावर नाही, विक्रीवर मोजतात. समजा एका दिवसात एक लाखाची विक्री झाली. शुल्क ३ टक्के, म्हणजे ३,००० रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ५४० रुपये. रिझर्व्ह १०,०००. खात्यात आले ८६,४६०. बेसन, तूप, मजुरी, डबे, कुरिअर यांचा खर्च ८०,००० धरला तर हाती ६,४६० उरतात, तर खरा नफा १६,४६० असतो. म्हणजे नफ्यातला मोठा वाटा अडकला. विक्रीवर तुम्हाला जीएसटी भरायचा असेल तर तोही पूर्ण बिलावर आणि वेळेवर भरावा लागतो. अडकलेला हिस्सा त्यातून वजा होत नाही.

'रोलिंग' याचा अर्थ प्रत्येक दिवसाचा हिस्सा आपापल्या तारखेला सुटतो. १ ऑक्टोबरचा ३० मार्चच्या सुमारास, २ ऑक्टोबरचा त्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्षभर सारखी विक्री असणाऱ्याला सहा महिन्यांनंतर रोज जितके अडकते तितकेच सुटते, त्यामुळे ओझे वाढायचे थांबते. तुमची विक्री मात्र दिवाळीत एकवटलेली आहे. दिवाळीचे पैसे उन्हाळ्यात येणार, आणि विक्री जितकी वाढेल तितकी अडकणारी रक्कमही वाढेल. हे आधी न मोजता पुढच्या हंगामासाठी उधारीवर तूप उचलणारे विक्रेते भरपूर ऑर्डरी असूनही अडचणीत येतात.

म्हणून सेटलमेंटचा अहवाल रोज पाहा. विक्रीतून शुल्क, जीएसटी, परतावे आणि रिझर्व्ह वजा केल्यावर उरणारी रक्कम बँकेतल्या जमेशी, यूटीआर क्रमांकासह जुळवा. रिझर्व्हची वही वेगळी ठेवा आणि प्रत्येक हिस्स्यासमोर सुटण्याची तारीख लिहा. तारीख उलटूनही पैसे आले नाहीत, तर विचारायला तुमच्या हाती नेमका आकडा असेल. 'लगेच सेटलमेंट' ही सोय जादा शुल्क घेऊन चार-पाच दिवस वाचवते, पण रिझर्व्हला हात लावत नाही. त्यासाठी ती घेऊ नका.

रिझर्व्ह कमी करून घ्यायचा असेल तर पुरावा लागतो. प्रत्येक डब्याची कुरिअरची पोच जपून ठेवा. गिऱ्हाईक नाराज दिसले तर त्याने बँकेकडे जाण्याआधीच परतावा द्या. काही महिने तक्रारी नगण्य राहिल्या की टक्केवारी घटवा, असे कंपनीला लेखी कळवा. पुढच्या दिवाळीची सामग्री भरण्याआधी हे पत्र गेले पाहिजे, कारण नवी टक्केवारी मिळाली तरी ती साधारणपणे पुढच्या विक्रीलाच लागू होते. आधी अडकलेला हिस्सा आपल्या तारखेलाच सुटतो.