गाव आधी कागदावर वसव

चि. सायलीस,


मालिकेसाठी काढलेली चित्रं मिळाली. एकेक चित्र देखणं आहे, पण ती सगळी मिळून एक गाव होत नाहीत. एकात जांभ्याचं कौलारू घर आहे, तर दुसऱ्यात दगडी वेस आणि धाब्याची घरं. वेशीच्या आत एकमेकांना चिकटून वसलेलं गाव देशावरचं. कोकणात घरं वाड्यावाड्यांत, उतारावर विखुरलेली असतात आणि धो धो पावसामुळे छपरं उतरती असतात. तुझी गोष्ट कोकणातल्या वाडीत घडते, म्हणून देशावरचे फोटो आधी बाजूला काढ. मग चित्रं थांबवून नकाशा कर.

ए-3 कागदावर 1 सेंटीमीटरला 2 मीटर असं प्रमाण धर. उत्तर दिशा दाखव. डोंगर पूर्वेला, व्हाळ पश्चिमेला. मधल्या उतारावर घर, त्याखाली विहीर, दोघांना जोडणारी पाखाडी. प्रत्येक टप्प्याची उंचीही लिही: विहिरीची जागा शून्य धरलीस आणि पाखाडीच्या 30 पायऱ्या प्रत्येकी 15 सेंटीमीटरच्या धरल्यास, तर घराचं खळं साडेचार मीटर उंचावर येतं. डोंगर पूर्वेला आहे म्हणजे खळ्यात सकाळचं ऊन उशिरा येणार, हेही नकाशाच सांगतो. तुझ्या पहाटेच्या प्रसंगात तुळशीवर पिवळं ऊन पडलंय, ते तिथे पडणारच नाही.

आता पळण्याचा प्रसंग घे. नकाशावर घर ते विहीर पाखाडीने 18 सेंटीमीटर, म्हणजे 36 मीटर. सेकंदाला 3 मीटर धावणाऱ्या पोराला 12 सेकंद लागतील, आणि पटकथेत तर चारच आहेत. अशा वेळी विहीर घराजवळ ओढायचा मोह होतो. तसं करू नकोस. पुढच्या भागात आजी ओटीवरून विहिरीकडे हाक मारते, तिथे सगळं चुकेल. पोरगा खळ्यातून निघताना दाखव, कट कर, आणि शेवटच्या पायऱ्यांवर पुन्हा पकड. मधलं अंतर प्रेक्षक स्वतः भरून घेतो.

फोटो काढायला जाशील तेव्हा फोनची अतिरुंद लेन्स वापरू नकोस, तिने कडेची घरं ताणली जातात. फोन सरळ धर. वर कलवलास की उभ्या भिंती आत झुकतात. चौकटीत एक मीटरची खुणा केलेली काठी ठेव, आणि एका चिऱ्याची उंची मोजून घे, म्हणजे नंतर थर मोजून कुठल्याही भिंतीची उंची सांगता येईल. फोटोमागे कॅमेऱ्याची जागा, दिशा आणि वेळ नोंदव. जोत्यावर उडालेल्या चिखलाचे डाग, पावसाळ्यात पडवीला बांधलेल्या झड्या अशा बारकाव्यांचे जवळून फोटो घे.

दोन फोटोंतली घरं कापून एका चित्रात बसवताना मात्र सांभाळ, कारण प्रत्येक फोटोची क्षितिजरेषा वेगळी असते. ती शोधायला जोत्याची कड आणि पागोळीची कड, दोन्ही रेषा वाढव. त्या मिळतात त्या बिंदूच्या उंचीवर क्षितिज, आणि तीच कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची.

सर्वांत जास्त चूक उतारावर होते. विहिरीपाशी उभी राहून वर पाहतेस असं धर. घराचं जोतं समपातळीत असतं, म्हणून त्याच्या रेषा क्षितिजावरच मिळतील. पाखाडी चढती आहे, तिच्या दोन्ही कडा क्षितिजाच्या वर मिळतील. तू सगळं क्षितिजावरच्या एकाच बिंदूला नेलंस, म्हणून पाखाडी सपाट झाली. शिवाय डोळ्याच्या वर गेलेल्या पायरीचा माथा दिसत नाही, फक्त उभी बाजू दिसते. तुझ्या चित्रात तिसाव्या पायरीवरही पाय ठेवायची जागा दिसते आहे. इथून घराच्या पागोळीची खालची बाजू दिसेल आणि कौलांचा पट्टा अरुंद होईल. खळ्यात उभं राहून खालचं घर पाहिलंस तर उलट: कौलं भरपूर, भिंत थोडी.

प्रत्येक शॉट काढण्याआधी नकाशावर कॅमेऱ्याची जागा टिंबाने मांड, दृष्टिकोनाच्या दोन रेषा ओढ आणि त्यांच्यात येतं तेवढंच काढ. उलट्या बाजूच्या शॉटला मागे काय असेल, हे मग पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांना कोणाला विचारावं लागणार नाही.

विहिरीचा आणि ओटीचा असे दोन शॉट या पद्धतीने पुन्हा काढ, आणि नकाशासकट मला पाठव. रंग नंतर भर.

तुझी,
मीनाआत्या