शून्याधारित घरखर्च : वागळे इस्टेटमधील एका कुटुंबाचा हिशेब

अर्थसंकल्प म्हटला की गेल्या वर्षाचा आकडा पुढे घेऊन त्यात थोडी वाढ करावयाची, ही सर्वत्र रूढ झालेली पद्धत आहे. या पद्धतीत जुन्या खर्चाला कोणी प्रश्न विचारीत नाही. चर्चा होते ती केवळ वाढीची. अमेरिकेतील 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स' या कंपनीत पीटर पिर यांनी १९६९ च्या सुमारास याहून वेगळी रीत बसविली. प्रत्येक खर्च शून्यापासून सुरू होतो असे मानावयाचे आणि तो का करावयाचा याचे उत्तर दर वर्षी नव्याने द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. महाराष्ट्र शासनाने १९८६-८७ मध्ये 'शून्याधारित अर्थसंकल्पा'चा स्वीकार केला, तेव्हा हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला.

घरखर्चाला ही रीत लावताना तिचे स्वरूप थोडे बदलते. महिना सुरू होण्यापूर्वी हाती असलेल्या प्रत्येक रुपयाला काम नेमून द्यावयाचे आणि उत्पन्नातून या नेमणुका वजा केल्यावर बाकी शून्य आली पाहिजे, एवढाच येथे नियम आहे. बाकी शून्य याचा अर्थ पैसे संपले असा नव्हे. पुढील जूनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम बँकेतच असते. परंतु तिला काम मिळालेले असल्यामुळे ती 'शिल्लक' राहत नाही. या पद्धतीचे मर्म या भेदातच आहे.

कुटुंब आणि त्याचे उत्पन्न

ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींपैकी एक होय. महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. वसाहतीतील अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी आता माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या असल्या, तरी लहान यंत्रशाळा अजूनही चालू आहेत. अशा एका यंत्रशाळेतील कामगार, त्याची पत्नी व शाळेत जाणारी दोन मुले किसननगरमध्ये भाड्याच्या खोलीत राहतात, असे उदाहरण समजावून घेण्यासाठी घेऊ.

कामगाराचा पगार २६,००० रुपये. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० व व्यवसायकराचे २०० रुपये वजा होऊन हाती २४,००० येतात. फेब्रुवारीत व्यवसायकर ३०० रुपये कापला जातो, म्हणून त्या महिन्यात हाती शंभर रुपये कमी येतात. पत्नी पोळी-भाजीचे डबे देते. खर्च वजा जाता त्यातून कधी ५,०००, तर कधी ८,००० रुपये सुटतात. आराखड्यात यापैकी कोणता आकडा धरावा? गेल्या सहा महिन्यांतील सर्वांत कमी, म्हणजे ५,००० हाच धरावा. त्यावरची रक्कम आणि कामगाराचा ओव्हरटाइम प्रत्यक्ष हाती येईपर्यंत हिशेबात घेऊ नये. हाती आल्यावर तिला त्याच दिवशी काम नेमून द्यावे. अशा प्रकारे महिन्याचे खात्रीचे उत्पन्न २९,००० रुपये होते. पगार सात तारखेला होत असल्याने या घराचा महिनाही सात तारखेसच सुरू होतो, एक तारखेस नव्हे.

शिलकीचा भ्रम

दिवाळी आटोपल्यावर पतिपत्नींनी वहीत महिन्याचा खर्च मांडला. भाडे ९,०००; वाणसामान, दूध, भाजी व गॅस ८,५००; वीज व मोबाइल १,७००; पेट्रोल व प्रवास १,०००; शिकवणी १,५००; औषधे ५००; गावी आईवडिलांना २,०००; कर्जाचा हप्ता १,७००; दोघांचा हातखर्च ८००. बेरीज २६,७०० झाली आणि २,३०० रुपये उरताना दिसले. घर शिलकीत आहे, असा कोणाचाही समज व्हावा.

तथापि, वरील यादीतील कर्जाचा हप्ता कशाचा, हे पाहिले म्हणजे चित्र पालटते. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तके, गणवेश व रेनकोट यांना १८,००० रुपये लागले. ते हाती नव्हते, म्हणून दरमहा दोन टक्के व्याजाने कर्ज काढावे लागले. त्याचे बारा हप्ते म्हणजे २०,४०० रुपयांची परतफेड. शेवटचा हप्ता पुढील जूनमध्ये फिटतो आणि नेमक्या त्याच जूनमध्ये नवे कर्ज काढण्याची वेळ येते. शाळेचा खर्च हे कुटुंब दरमहा करीतच आहे. मात्र तो आधी न करता नंतर करीत असल्यामुळे वर्षाला २,४०० रुपये अधिक भरीत आहे.

जून महिना दर वर्षी येतो, त्यात अनपेक्षित असे काही नाही. अनपेक्षित वाटतो तो केवळ महिन्याच्या यादीत त्याला जागा नसते म्हणून.

वर्षाचे खर्च महिन्यात आणणे

म्हणून आराखड्याची पहिली पायरी वर्षाची यादी ही होय. या कुटुंबाच्या यादीत शाळेचे १८,०००, गणपतीला गावी जाण्याचे ९,००० आणि अकरा महिन्यांच्या भाडेकराराच्या नूतनीकरणाचे ६,००० रुपये आले. दुचाकीचा विमा व दुरुस्ती आणि लग्नकार्यातील आहेर यांचे मिळून आणखी ६,००० झाले. दिवाळीचा खर्च बोनसवर सोपविला.

यापुढे सामान्यतः चूक होते ती भागाकारात. १८,००० ला बाराने भागून १,५०० हे उत्तर काढले जाते. ते दुसऱ्या वर्षापासून बरोबर आहे. पहिल्या वर्षी मात्र उरलेल्या महिन्यांनीच भागले पाहिजे. डिसेंबरपासून मेपर्यंत सहाच महिने असल्याने शाळेसाठी दरमहा ३,००० लागतात. गणपतीस नऊ महिने आहेत, म्हणून १,०००. करार एप्रिलअखेर संपतो, म्हणून पाच महिन्यांत दरमहा १,२००. वाहन व आहेर यांसाठी ५००. एकूण ५,७०० रुपये लागतात आणि हाती उरतात २,३००. जे घर शिलकीत वाटत होते ते वस्तुतः दरमहा ३,४०० रुपयांच्या तुटीत आहे.

ही पद्धत पुष्कळ कुटुंबे पहिल्याच महिन्यात सोडून देतात, ती याच टप्प्यावर. पहिल्या वर्षी गेल्या जूनचे कर्ज व पुढच्या जूनची तरतूद असा दुहेरी भार एकाच पगारावर पडतो. तो कायमचा नसतो, हे ध्यानी घेतले म्हणजे मार्ग काढता येतो.

तुटीचा विचार

या कुटुंबाने प्रत्येक बाबीला शून्यापासून प्रश्न विचारला. वाणसामानात ५००, वीज व मोबाइलमध्ये ३०० आणि हातखर्चात २०० रुपये कमी केले. गणपतीला चौघांऐवजी दोघांनीच गावी जावयाचे ठरवून त्या तरतुदीचे १,००० चे ६०० केले. आईवडिलांचे २,००० मात्र तसेच ठेवले. कारण विचारणा करणे म्हणजे कापणे नव्हे. उरलेली २,००० रुपयांची तूट त्यांनी लपविली नाही. शाळेसाठी ३,००० ऐवजी सध्या १,००० रुपयेच ठेवता येतील, असे त्यांनी वहीत स्पष्ट लिहिले. त्यानुसार डिसेंबरचा आराखडा असा झाला :

भाडे – ९,०००
वाणसामान, दूध, भाजी, गॅस – ८,०००
वीज व मोबाइल – १,४००
पेट्रोल व प्रवास – १,०००
शिकवणी – १,५००
औषधे – ५००
आईवडील – २,०००
कर्जाचा हप्ता – १,७००
हातखर्च – ६००
शाळा (जून) – १,०००
भाडेकरार (एप्रिल) – १,२००
गणपती – ६००
वाहन व आहेर – ५००
एकूण – २९,०००. बाकी – शून्य

ओव्हरटाइमचे व डब्यांचे जादा पैसे आल्यास त्यांचे पहिले काम शाळा, असेही लिहून ठेवले. ही जादा रक्कम सरासरीने दरमहा १,००० आली, तर मेअखेर १२,००० जमतात आणि जूनमध्ये १८,००० ऐवजी ६,००० रुपयांचेच कर्ज काढावे लागते. जुना हप्ता जूनमध्ये संपतो व नवे कर्ज सुमारे १,६०० रुपयांच्या चार हप्त्यांत ऑक्टोबरमध्ये फिटते. करारासाठी आता अकरा महिने मिळत असल्याने त्याचा भार ५५० रुपयांवर येतो आणि शाळेसाठी दरमहा १,५०० ठेवता येतात. त्यापुढील जूनला कर्जाचे कारण उरत नाही.

पुनर्विनियोजन आणि ताळमेळ

कोणताही आराखडा महिनाभर जसाच्या तसा टिकत नाही. समजा, धाकट्या मुलाला ताप आला आणि औषधांवर ५०० ऐवजी १,३०० रुपये खर्च झाले. शासकीय कामकाजात एका शीर्षाखालील रक्कम दुसऱ्या शीर्षाकडे वळविण्यास पुनर्विनियोजन म्हणतात. येथेही तेच करावयाचे. या कुटुंबाने गणपतीचे ६०० व वाणसामानातील २०० रुपये औषधांकडे वळविले आणि तशी नोंद त्याच रात्री केली. एकूण बेरीज बदलली नाही. कोणत्या कामाचे पैसे गेले हे ठाऊक असल्याने पुढील महिन्यांत ते भरून काढता येतात. शासनाच्या व्यवहारात अखर्चित तरतूद आर्थिक वर्षअखेर व्यपगत होते. घरात मात्र ती त्याच नावाने पुढे न्यावयाची असते. म्हणून महिनाअखेर पैसे संपविण्याची घाई येथे करू नये.

पूर्वी गृहिणी निरनिराळ्या डब्यांत वा पाकिटांत पैसे ठेवीत, तेव्हा डबा रिकामा झालेला डोळ्यांना दिसे. आता पगार बँकेत येतो, खर्च मोबाइलवरून होतो आणि खात्यात सर्व रकमा एकत्र दिसतात. मार्चमध्ये खात्यावर १०,००० रुपये दिसले, तरी त्यांतील बहुतेक शाळेचे व कराराचे असतात. यास्तव खर्च करण्यापूर्वी खाते न पाहता वही पाहावी. दर आठवड्यास वहीतील सर्व शीर्षांच्या शिलकीची बेरीज करावी. ती बँकेतील रक्कम अधिक घरातील रोख यांच्याशी जुळली पाहिजे. न जुळल्यास एखादा खर्च नोंदवावयाचा राहिला आहे असे समजावे. एकच शीर्ष लागोपाठ तीन महिने अपुरे पडत असेल, तर दोष खर्च करणाऱ्याचा नसून आकड्याचा आहे. तो आकडा वाढवून दुसरा कमी केला पाहिजे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. भाडे, शिकवणी यांसारख्या बाबी दरमहा शून्यापासून तपासण्यात केवळ कंटाळा पदरी पडतो. ती तपासणी वर्षातून एकदा, करार नव्याने करण्याच्या वेळी पुरेशी आहे. शिवाय, काटकसर करूनही जेथे अन्न, भाडे व औषधे एवढ्यानेच उत्पन्न संपते, तेथे वही ती तूट भरून काढू शकत नाही. परंतु ती तूट किती आणि कोणत्या महिन्यात उभी राहणार, हे वही सहा महिने आधी सांगते. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन टक्क्यांनी कर्ज काढण्याऐवजी डिसेंबरमध्येच शाळेकडे हप्त्यांची सवलत मागणे किंवा कमी व्याजाची पतपेढी शोधणे, हे त्यामुळेच शक्य होते.