नसलेला अभ्यास आणि न सुटलेला प्रश्न

चि. वैदेही,


काल समितीने ‘तुझ्या विषयात गॅप कुठे आहे?’ असं विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, ‘नाशिक जिल्ह्यात स्त्री-पुरुष प्रमाणाचा असा अभ्यास झालेला नाही.’ पुढे तुला बोलवेना. घाबरू नकोस, पण ते उत्तर पुरेसं नव्हतं. असे न झालेले अभ्यास प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. आधीच्या संशोधनातून उभा राहिलेला, पण त्या संशोधनाला न सुटलेला प्रश्न म्हणजे गॅप.

तुझ्याच विषयातलं उदाहरण घेऊ. 1990 मध्ये अमर्त्य सेन यांनी हिशेब मांडला की, स्त्रियांना पुरुषांइतकीच काळजी मिळाली असती तर जगात आणखी 10 कोटींहून अधिक स्त्रिया असत्या. हा आकडा गाजला. भारतात चर्चा प्रामुख्याने गर्भलिंगनिदानाची आणि लहान मुलींच्या हेळसांडीची होत राहिली. पण सेन यांचा आकडा ही एक बेरीज होती. या स्त्रिया कोणत्या वयात कमी झाल्या, हे त्या बेरजेतून कळत नव्हतं. सिवान अँडरसन आणि देबराज रे यांनी नेमकं तेच धरलं. प्रत्येक वयोगटातलं स्त्रियांचं आणि पुरुषांचं मृत्यूचं प्रमाण त्यांनी विकसित देशांतल्या प्रमाणाशी ताडून पाहिलं. 2010 मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भारतातली बहुतांश तूट जन्माआधीची किंवा बालपणातली नसून प्रौढ वयातली आहे. मग नुसता गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा पुरणार नाही, मोठ्या बायकांच्या आजारपणाकडेही पाहावं लागेल. गॅपला महत्त्व येतं ते इथे. उत्तर मिळाल्यावर कुणाला तरी आपलं मत बदलावं लागतं.

आता तुझ्या नाशिककडे येऊ. ‘इथे प्रौढ स्त्रिया कोणत्या वयात, कशाने जातात?’ असं विचारलंस तर जिल्ह्याच्या नावाला अर्थ येईल, कारण देशाच्या सरासरीत गावातली कारणं दिसत नाहीत. पण एक धोका आधीच सांगून ठेवतो. केवळ ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदवहीवर विसंबू नकोस. आपल्याकडे बायकांच्या मृत्यूची नोंद पुरुषांपेक्षा कमी होते. नुसती वही मोजलीस तर बायका कमी मरतात असा उलटाच निष्कर्ष निघेल. म्हणून दोन-तीन गावांत घरोघरी जाऊन गेल्या काही वर्षांतले मृत्यू विचार आणि वहीशी जुळवून पाहा. स्त्रियांच्या नोंदी किती सुटल्या ते कळलं, की तुझा प्रश्न या साधनांनी सुटण्यासारखा आहे की नाही, तेही कळेल. न सुटणारा प्रश्न कितीही चांगला असला तरी प्रबंधाला चालत नाही.

सोमवारी येताना एका कागदावर तीन रकाने आखून आण: कुणी काय विचारलं, कोणत्या नोंदींवरून, आणि त्यांना काय सांगता आलं नाही. दहा शोधनिबंध पुरेत. तिसऱ्या रकान्यात जे पुन्हा पुन्हा येईल, त्यावर बोलू.

तुझे
सर