अक्षरी रक्कम अंक झाकून वाचा

स्कॅन केलेल्या जुन्या पेमेंट रजिस्टरचा तक्ता संगणकात भरताना अंकी रकमेचा रकाना आधी भरला जातो आणि मग शेजारच्या अक्षरी रकमेवर नजर टाकून ‘बरोबर’ अशी खूण केली जाते. या पद्धतीबद्दल मला सावध करायचं आहे, कारण तिला पडताळणी म्हणता येत नाही. डोळ्यांनी १,८५० वाचले की त्यांच्या शेजारी ‘नऊ हजार आठशे पन्नास’ लिहिलेलं असलं तरी घाईत ‘आठशे पन्नास’ तेवढं दिसतं आणि मन पुढे सरकतं. अंकी आणि अक्षरी रक्कम हे एकाच व्यवहाराचे दोन साक्षीदार आहेत. दुसऱ्याची साक्ष पहिल्याच्या देखत घेतली तर तिला किंमत उरत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: अक्षरी रकाना अंकी रकाना झाकून वाचा, त्यावरून स्वतंत्रपणे आकडा मांडा आणि मगच दोन्ही रकाने समोरासमोर ठेवा.

हे दोन रकाने वेगवेगळ्या तऱ्हेने चुकतात, म्हणून तर ते एकमेकांच्या उपयोगाचे आहेत. अंकांमध्ये चूक आकाराची असते. देवनागरी १ आणि ९ फिकट शाईत किंवा तिरप्या स्कॅनमध्ये सहज एकमेकांसारखे दिसतात, आणि रकान्याची उभी रेघ शेजारच्या अंकाला चिकटून आकडा बदलते. अक्षरांमध्ये तसं होत नाही, कारण ‘एक हजार’चं ‘नऊ हजार’ व्हायला पूर्ण शब्द बदलावा लागतो. पण मराठी संख्यावाचनाचे सापळे वेगळे आहेत. एकोणसाठ म्हणजे ५९ आणि एकोणसत्तर म्हणजे ६९. भरणारा घाईत असला की ‘सत्तर’ ऐकून ७९ टाकतो. शिवाय जुन्या लिखाणात सव्वादोनशे, पावणेतीनशे, दीड हजार, अडीच हजार असेही शब्द येतात आणि आकडे भरणाऱ्या तरुण माणसाला पावणेतीनशे म्हणजे २७५ हे दर वेळी पटकन सुचेलच असं नाही.

नमुन्यादाखल पाच नोंदींचं एक पान घेऊ. अंकी रकाना स्कॅनवरून असा वाचला गेला: ४,२७५, ९,८५०, ६,४६९, ३,१२० आणि २,५००. पानाखाली लेखनिकाने बेरीज १८,२१४ लिहिली आहे, पण वाचलेल्या आकड्यांची बेरीज २६,२१४ येते. दुसऱ्या व्यक्तीने अंक झाकून अक्षरी रकान्यावरून आकडे मांडले, ते असे: ४,२७५, १,८५०, ६,४७९, ३,१२० आणि २,५००. यांची बेरीज १८,२२४ झाली. म्हणजे दोन्ही रकाने चुकले आहेत, पण वेगवेगळ्या ओळींत, आणि दोन्ही ओळी ताबडतोब उघड्या पडतात. दुसऱ्या ओळीचा स्कॅन मोठा करून पाहिला तर ९ वाटलेला अंक १ निघतो आणि अक्षरांतही स्पष्ट ‘एक हजार’ आहे. तिसऱ्या ओळीत ‘सहा हजार चारशे एकोणसत्तर’ लिहिलंय, ते वाचणाऱ्याने ७९ धरलं. दोन्ही दुरुस्त केले की बेरीज नेमकी १८,२१४ येते. पाचव्या ओळीत ‘अडीच हजार’ होतं, ते मात्र दोघांनी बरोबर वाचलं.

फरकाचा आकडाच पुष्कळदा सांगतो, काय शोधायचं ते. वरच्या पानावर अंकांच्या बेरजेत फरक ८,००० होता. फरक ८, ८०, ८०० किंवा ८,००० आला की आधी १ आणि ९ची गल्लत तपासावी. फरकाला ९ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी, जसं ६,४६९ऐवजी ६,६४९ झालं तर फरक १८० येतो. फरक नेमका १० असेल तर ‘एकोण’ने सुरू होणारे शब्द पुन्हा वाचावेत.

‘बेरीज जुळली की झालं, शब्द कशाला वाचायचे?’ असं म्हणणारे भेटतात. बेरीज जुळणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. एका ओळीत शतकस्थानी १चा ९ वाचला आणि दुसरीकडे शतकस्थानी ९चा १ वाचला, तर एकीकडे ८०० वाढले आणि दुसरीकडे ८०० घटले. पानाची बेरीज निर्दोष दिसेल आणि दोन माणसांच्या नावावर चुकीची रक्कम बसेल. शिवाय बेरीज चुकली तरी ती चुकलेली ओळ कोणती हे सांगत नाही. ओळ सांगतो तो अक्षरी रकाना.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१च्या कलम १८नुसार चेक किंवा हुंडीवर अंक आणि अक्षरं यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. मग रजिस्टरमध्येही सरळ अक्षरांनाच प्रमाण का मानू नये? कारण रजिस्टर हा चेक नाही. ते घडून गेलेल्या पेमेंटची नोंद आहे, आणि अनेकदा लेखनिकाने अंक आधी लिहून त्यांवरूनच शब्द लिहिलेले असतात. वरच्या पानावर हा नियम डोळे मिटून लावला असता, तर ६,४७९ हा चुकलेला आकडा पक्का झाला असता. इथे निकाल तिसऱ्या पुराव्याने द्यावा: आधी पानाची बेरीज, मग व्हाउचर किंवा पावती, चेकने पेमेंट झालं असेल तर बँकेचं पासबुक.

वाचण्याआधी ओळींची जुळणी मात्र पाहायलाच हवी. अक्षरी रक्कम लांब असली की ती दोन ओळींत उतरते, आणि स्कॅनमधून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर तिचा दुसरा तुकडा पुढच्या नोंदीला जोडतं. अशा वेळी शेवटचा ‘मात्र’ किंवा ‘फक्त’ हा शब्द उपयोगी पडतो. लेखनिक तो रकमेपुढे भर घालता येऊ नये म्हणून लिहितो आणि वाचणाऱ्याला त्यावरून रक्कम कुठे संपली ते कळतं. रजिस्टरभर ‘मात्र’ लिहायची पद्धत असेल आणि एखाद्या ओळीत तो सापडला नाही, तर तुकडा खाली राहिला आहे किंवा स्कॅनच्या कडेला कापला गेला आहे असं धरून मूळ पान पाहावं.

यात वेळ जातो हे खरं. पण जाणारा वेळ अक्षरी रकाना एकदा स्वतंत्रपणे मांडण्यापुरता आहे. त्यानंतर दोन आकड्यांची वजाबाकी संगणक करतो आणि माणसाला फक्त फरकाच्या ओळी पाहाव्या लागतात. मात्र तुलना आकड्यांची करावी, शब्दांची नव्हे. एकच संख्या कुणी ‘पंचाहत्तर’ लिहितं, कुणी ‘पंच्याहत्तर’, आणि शब्दाला शब्द जुळवत बसलं तर खोट्या फरकांचा ढीग होतो, त्यात खरा फरक हरवतो.

या पडताळणीची मर्यादाही मान्य करायला हवी. दोन्ही रकाने जुळले याचा अर्थ कागदावर जे लिहिलं ते नीट वाचलं गेलं, एवढाच. ती रक्कम खरोखर दिली गेली का, हे व्हाउचरच सांगेल. आणि मूळ कागदावरच अंक एक सांगतात व अक्षरं दुसरं, असं स्वच्छ दिसत असेल, तर वाचणाऱ्याने आपल्या मनाने एक पसंत करून दुसरं पुसू नये. अंकी, अक्षरी आणि ग्राह्य रक्कम असे तीन रकाने ठेवावेत, ग्राह्य रक्कम कशावरून ठरवली ते शेऱ्यात लिहावं, आणि पुरावा मिळेपर्यंत तो रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पुढे कुणीतरी विचारून भरू शकतो. अंदाजाने भरलेल्या रकान्याबद्दल मात्र कुणी कधी विचारत नाही.