एफडी म्हणून दिलेली पॉलिसी

सुरतेतल्या कतारगामात राहणारी भाची आणि विमा कंपनीत आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले तिचे मामा यांच्यात फोनवर झालेलं हे बोलणं.

भाची: मामा, बाबांनी गावाकडच्या शेतीचे एक लाख रुपये बँकेत एफडीला टाकले होते. काल त्यांचा ईमेल उघडला, तर त्यात एफडीची पावती नाही, विम्याची पॉलिसी आहे.

मामा: पहिलं पान उघड. तिथे दोन मुदती असतील. हप्ते किती वर्षं भरायचे आणि पॉलिसी किती वर्षांची?

भाची: हप्ते दहा वर्षं, दरवर्षी एक लाख. पॉलिसी वीस वर्षांची. बाबा आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत! त्यांना तर ‘पैसे एकदाच भरा, पाच वर्षांनी काढा’ असं सांगितलं होतं.

मामा: आता शेवटची पानं बघ. बाबांनी सही केलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीला जोडलेली असते. वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय?

भाची: आठ लाख. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात त्यांना याच्या निम्मेही मिळत नाहीत.

मामा: ही पक्की खूण आहे. खरं उत्पन्न लिहिलं असतं, तर एवढा हप्ता या माणसाला झेपेल का, असा प्रश्न कंपनीत उठला असता. अर्ज इंग्रजीत आणि सही मराठीत आहे ना? मग अर्ज सहीवाल्याच्या भाषेत समजावून सांगितला, अशी एक घोषणा त्यात असते. तिथे कुणाची सही आहे?

भाची: ज्याने पॉलिसी विकली, त्याच कर्मचाऱ्याची. तो बाबांशी गुजरातीत बोलला होता. कंपनीचा फोन आला की सगळ्याला ‘हो’ म्हणा, असंही त्यानेच सांगितलं.

मामा: तो पडताळणीचा फोन असतो. ‘ही एफडी नाही, हे तुम्हाला माहीत आहे का’ असं त्यात विचारतात आणि उत्तर ध्वनिमुद्रित होतं. पुढे तक्रार झाली की कंपनी ते ‘हो’ ऐकवते. म्हणून आधी तक्रारीच्या वाटेला जाऊ नका. तुमच्याकडे त्याहून सोपा हक्क आहे, फ्री-लूक. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. पूर्वी साधारण पंधरा दिवस मिळायचे, २०२४ च्या नियमांनी तीस झाले. ईमेल कधीचा आहे?

भाची: चार तारखेचा. आज एकोणीस. पण बँकेतला तो माणूस म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात या, साहेब रजेवर आहेत.’

मामा: त्याच्यासाठी एक दिवसही थांबू नका. पॉलिसी रद्द झाली की कमिशन परत जातं, त्यामुळे तीस दिवस उलटून जावेत असंच त्याला वाटणार. शिवाय बँक इथे फक्त एजंट आहे. करार विमा कंपनीशी झालाय, म्हणून पत्रही कंपनीलाच द्यायचं. उद्या तिच्या सुरतेतल्या शाखेत जा. पत्रात पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, ‘अटी मान्य नाहीत, फ्री-लूकखाली रद्द करा’ एवढं पुरे. सोबत पॉलिसी, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जोड. पोचीवर तारखेचा शिक्का घे आणि तेच पत्र कंपनीला ईमेलही कर.

भाची: फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागेल?

मामा: नाही, हेच तर फ्री-लूकचं बळ आहे. कारण पटलं नाही म्हणून कंपनी नाकारू शकत नाही.

भाची: पूर्ण लाख मिळतील?

मामा: जवळजवळ. जितके दिवस विम्याचं संरक्षण होतं तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढंच कापता येतं. दहा लाखांच्या विम्याला मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. जोखमीचं शुल्क वर्षाला नऊ हजार धरलं, तर वीस दिवसांचे ४९३ रुपये. तपासणी झालेली नाही, म्हणजे ९९,३०७ रुपये परत यायला हवेत. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत ते द्यायचा नियम आहे. आणि बँकेत जाऊन पुढच्या हप्त्याचा ऑटो-डेबिट वेगळा बंद करा, पॉलिसी रद्द झाली म्हणून तो आपोआप थांबेलच असं नाही.

भाची: शेजारच्या काकूंनाही अशीच पॉलिसी दिलीय, पण त्यांचे चार महिने होऊन गेलेत.

मामा: त्यांची वाट लांबची आहे. आता पॉलिसी सोडून दिली, तर भरलेले बहुतेक पैसे बुडतील. त्यांनी चुकीची माहिती देऊन विकल्याची लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करावी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जावं. गुजरात त्यांच्याच कक्षेत येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. तिथे मात्र पुरावा लागतो, त्यामुळे अर्जातलं उत्पन्न, भाषेची घोषणा, कर्मचाऱ्याचे व्हॉट्सअॅप संदेश, सगळं जपून ठेवायला सांग. आणि विचार त्यांना, पॉलिसीचे कागद खरोखर कधी मिळाले?

भाची: त्या म्हणतात, अजून मिळालेच नाहीत. अर्जावर ईमेल पत्ता त्या कर्मचाऱ्याने स्वतःचाच टाकला होता.

मामा: मग त्यांचे तीस दिवस सुरूच झाले नाहीत, असं त्यांना म्हणता येईल. कागद काकूंना पोचल्याचा पुरावा त्यांनी कंपनीकडे लेखी मागावा, आणि त्याच पत्रात फ्री-लूकखाली पॉलिसी रद्द करायलाही सांगावं.