चेपलेला डबा घ्यावा का?

प्रश्न : पोचे पडलेले मटाराचे डबे निम्म्या किमतीत मिळतात. घ्यावेत का?

उत्तर : पोचा कुठे आहे, यावर सारे ठरते. अंगावरचा उथळ, गोलसर पोचा चालतो. पण तो वरच्या-खालच्या कडेवर किंवा उभ्या सांध्यावर असेल, तर डबा फुकटातही नको. तिथे केसाएवढी फट पडली तरी जंतू आत शिरतात.

1978 मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला बारीक छिद्राच्या डब्यातल्या सामन माशाने चौघांना बोट्युलिझम ही विषबाधा झाली. दोघे दगावले. हे विष वासावरून कळेलच असे नाही, म्हणून घरी हुंगून पाहण्याचा भरवसा नको.

फुगलेला, झाकण दाबताच टक्क करून आत-बाहेर होणारा डबा सरळ परत ठेवावा. लेबलावर चिकट डाग दिसले तर गळतीची शंका घ्यावी. तारखेवर दुसरा कागद डकवला असेल, तर दुकानदाराला जाब विचारावा.